नव्या उद्योगाचे बारा महिन्यांचे अंदाजपत्रक

उद्योगासाठी कर्ज मागणाऱ्या अर्जासोबत प्रकल्प अहवाल जोडावा लागतो. त्या अहवालाच्या शेवटच्या पानांवर बहुधा वार्षिक आकडे असतात : वर्षाची विक्री इतकी, खर्च इतका, नफा इतका. अहवाल एखाद्या जाणकाराकडून करून घेतलेला असतो आणि तो बँकेत दाखल झाला की अर्जदार त्याकडे सहसा पुन्हा पाहत नाही. परंतु नवा उद्योग वर्षाच्या हिशेबाने चालत नाही, तो महिन्याच्या हिशेबाने चालतो. मजुरी, जागेचे भाडे, कर्जाचा हप्ता ही सारी देणी महिन्याला उभी राहतात. वर्षाअखेर नफा दाखविणारा उद्योग सातव्या-आठव्या महिन्यात पैशांअभावी थांबू शकतो आणि वार्षिक आकड्यात हे मुळीच दिसत नाही. ते दिसावयाचे असेल तर विक्री आणि खर्च बारा महिन्यांत पसरून मांडले पाहिजेत.

ही मांडणी पूर्वी हिशेबनिसाच्या रेघा मारलेल्या मोठ्या कागदावर होत असे. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे खोडून पुन्हा लिहावे लागत. अमेरिकेतील हार्वर्ड येथे व्यवस्थापनशास्त्र शिकत असताना डॅन ब्रिकलिन यांना फळ्यावरील अशाच खाडाखोडीवरून एक कल्पना सुचली आणि बॉब फ्रँकस्टन यांच्यासह त्यांनी १९७९ साली 'व्हिसिकॅल्क' ही संगणकावरील पहिली लोकप्रिय स्प्रेडशीट बाजारात आणली. आजची एक्सेल किंवा विनामूल्य मिळणारी लिबरऑफिस कॅल्क ही त्याच कल्पनेची पुढची रूपे होत. एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलतात, हा स्प्रेडशीटचा मूळ गुण. अंदाजपत्रकासाठी तो फार मोलाचा आहे, कारण अंदाज हा बदलण्यासाठीच असतो.

उदाहरण : एक मसाला केंद्र

विषय स्पष्ट होण्यासाठी एक नमुन्याचे उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी राहणारी एक गृहिणी कांदा-लसूण मसाला तयार करण्याचे केंद्र जुलै महिन्यात सुरू करीत आहे, असे समजू. मसाला कांडप यंत्र, भाजणी यंत्र आणि पिशव्या बंद करण्याचे यंत्र यांसाठी तिने तीन लाख रुपयांचे कर्ज घेतले आहे. यंत्रे बसविल्यानंतर तिच्या हाती स्वतःचे एक लाख रुपये उरले आहेत. मसाल्याचा सरासरी विक्रीदर किलोला ४०० रुपये आहे. एकूण विक्रीपैकी ४० टक्के घरगुती ग्राहकांना रोखीने होईल आणि ६० टक्के किराणा दुकानांना एका महिन्याच्या उधारीने. येथील सर्व दर उदाहरणापुरते आहेत. ज्याने-त्याने ते आपल्या बाजारपेठेत जाऊन विचारावेत.

पहिला प्रश्न विक्रीचा. तालुक्यात इतकी कुटुंबे, त्यांतील पाच टक्के आपला माल घेतील, अशा रीतीने काढलेला आकडा कागदावर शोभतो, पण त्याला आधार नसतो. त्यापेक्षा दुकाने मोजावीत. जुलैत दहा दुकाने माल ठेवण्यास तयार आहेत आणि प्रत्येकी महिन्याला सहा किलो खपेल, असे दुकानदारांशी बोलून कळले, तर ते ६० किलो झाले. ओळखीची घरे, बचत गटाच्या सभासद आणि आठवडी बाजार मिळून ४० किलो धरले की महिन्याचे १०० किलो होतात. डिसेंबरपर्यंत दुकाने अठरा होतील असे धरल्यास त्यांचे १०८ किलो आणि घरगुती ७२ किलो, म्हणजे १८० किलो. हा अंदाज चुकला तरी कोठे चुकला हे पुढे सांगता येते : दुकाने कमी मिळाली, की प्रत्येक दुकानाचा खप कमी पडला? टक्केवारीने काढलेल्या आकड्याला असा प्रश्न विचारता येत नाही.

याच ठिकाणी ऋतूंचा विचार करावा लागतो. मसाल्याचा खप बारा महिने सारखा नसतो. पावसाळ्यात तो मंद असतो, दिवाळीच्या सुमारास थोडा वाढतो आणि मार्च ते मे या काळात, वर्षाचा मसाला करून ठेवण्याच्या प्रथेमुळे, शिखरावर जातो. जूनमध्ये पाऊस आला की पुन्हा उतरतो. वर्षाची विक्री काढून तिला बाराने भागणारा अंदाज हा चढउतार पुसून टाकतो. या उदाहरणात जुलैपासून अनुक्रमे १००, १२०, १४०, २२०, १८०, १८०, २२०, २६०, ३४०, ४४०, ४४० आणि २०० किलो असा खप धरला आहे. एकूण २,८४० किलो. एप्रिलचे ४४० किलो पंचवीस कामाच्या दिवसांत काढावयाचे, तर रोज सुमारे अठरा किलो होतात. तेवढी भाजणी व कांडप आपल्या यंत्रावर आणि आपल्या माणसांकडून होते काय, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

गृहीतके वर, हिशेब खाली

स्प्रेडशीट उघडल्यावर आडव्या ओळींना क्रमांक आणि उभ्या रकान्यांना इंग्रजी अक्षरे दिलेली दिसतात. दुसऱ्या रकान्यातील तेरावी चौकट म्हणजे B13. नवशिक्याची पहिली चूक अशी की तो ४०० हा दर बाराही महिन्यांच्या सूत्रांत टाइप करतो. पुढे दर ३८० झाला तर बारा ठिकाणी दुरुस्ती करावी लागते आणि एखादे ठिकाण हमखास राहून जाते. म्हणून ज्या आकड्यांबद्दल आपण केवळ अंदाज करीत आहोत ते सर्व पानाच्या माथ्यावर एकेकदाच लिहावेत आणि खालच्या हिशेबाने ते तेथूनच उचलावेत.

या उदाहरणात B2 मध्ये विक्रीदर ४००, B3 मध्ये रोख विक्रीचा हिस्सा ४० टक्के, B4 मध्ये मिरची सोडून इतर साहित्य व पिशव्या यांचा किलोमागे खर्च १२५, आणि B5 मध्ये एक किलो मसाल्यास लागणारी मिरची अर्धा किलो, असे आकडे आहेत. B6 मध्ये दरमहा ठरलेला खर्च आहे : भाडे ४,०००, मजुरी १०,००० आणि वीज व वाहतूक ४,०००, मिळून १८,००० रुपये. B7 मध्ये उद्योजिकेने घरखर्चासाठी उचलावयाचे ६,००० रुपये आहेत. हा आकडा पुष्कळ अंदाजपत्रकांतून गाळलेला असतो. घर मात्र चालवावेच लागते आणि पैसे गल्ल्यातूनच जातात. तेव्हा तो उघडपणे लिहिणे बरे. B8 मध्ये कर्जाचा हप्ता आहे. तीन लाख रुपये, साठ महिने आणि ११ टक्के व्याज धरले तर हप्ता पुढील सूत्राने मिळतो :

```
=PMT(11%/12,60,-300000)
```

उत्तर ६,५२३ रुपये येते. सोयीसाठी येथे ६,५०० धरले आहेत. बँकेने पहिले काही महिने हप्त्याची सवलत दिली असेल, तर त्या महिन्यांत हप्त्याऐवजी प्रत्यक्ष द्यावी लागणारी रक्कमच लिहावी. B9 मध्ये आरंभीची रोकड एक लाख आहे.

अकराव्या ओळीत B पासून M पर्यंत जुलै ते जून ही महिन्यांची नावे येतात. बाराव्या ओळीत प्रत्येक महिन्याचा खप किलोत लिहावा. तेराव्या ओळीत विक्रीची रक्कम, चौदाव्यात त्याच महिन्यात मिळणारी रोख, पंधराव्यात मागील महिन्याच्या उधारीची वसुली आणि सोळाव्यात एकूण जमा. ऑगस्टच्या म्हणजे C रकान्यातील सूत्रे अशी :

```
C13: =C12*$B$2
C14: =C13*$B$3
C15: =B13*(1-$B$3)
C16: =C14+C15
```

डॉलरच्या चिन्हाचा पैशांशी संबंध नाही. सूत्र उजवीकडे उतरविले तरी ही चौकट तीच राहावी, अशी ती खूण आहे. ती विसरली तर सप्टेंबरचे सूत्र B2 ऐवजी C2 पाहू लागते. ती चौकट रिकामी असल्याने विक्री शून्य दिसते. पंधराव्या ओळीचे सूत्र नीट पाहावे. ते C रकान्यात असून B कडे, म्हणजे जुलैच्या विक्रीकडे पाहते. उधारी म्हणजे काय, ते या एका अक्षरात आले. जुलैची स्वतःची पंधरावी चौकट शून्य राहील, कारण त्याआधी विक्रीच नव्हती.

मिरचीची खरेदी

खर्चाची बाजू बहुतांशी सरळ आहे, मिरची सोडून. लाल मिरचीचा नवा माल बाजारात आला की हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत आवक मोठी असते आणि माल निवडून घेता येतो. म्हणून मसाला करणारे वर्षाची मिरची त्या हंगामात भरून ठेवतात. जुलैत सुरू झालेल्या केंद्राला मात्र जानेवारीपर्यंत लागेल तशी मिरची व्यापाऱ्याकडून घ्यावी लागणार. तिचा दर किलोला २६० रुपये धरला आहे. फेब्रुवारीत हंगामाच्या २०० रुपये दराने १,२०० किलो मिरची एकदम घ्यावयाची, असे ठरविले आहे. जूनपर्यंतच्या १,६८० किलो मसाल्यास त्यातील ८४० किलो लागेल आणि ३६० किलो पुढच्या वर्षासाठी उरेल.

त्यामुळे मिरचीसाठी तीन ओळी ठेवाव्यात. सतराव्या ओळीत खरेदीचे किलो, अठराव्यात त्या महिन्याचा दर आणि एकोणिसाव्यात दोहोंचा गुणाकार. जुलै ते जानेवारी सतराव्या ओळीत `=B12*$B$5` हे सूत्र चालेल. फेब्रुवारीच्या चौकटीत मात्र १,२०० हा आकडा हाताने लिहावयाचा आणि मार्च ते जून शून्य. येथे खप आणि खरेदी यांची फारकत होते. मालाचे पैसे ज्या महिन्यात द्यावे लागतात त्याच महिन्यात ते लिहिले पाहिजेत. माल पुढे केव्हा वापरला जाईल याला रोकडीच्या हिशेबात स्थान नाही.

विसाव्या ओळीत इतर साहित्य, एकविसाव्या ते तेविसाव्या ओळींत ठरलेला खर्च, घरखर्च आणि हप्ता. मग अखेरच्या तीन ओळी :

```
C24: =SUM(C19:C23)
C25: =B26
C26: =C25+C16-C24
```

चोविसावी ओळ एकूण देणे, पंचविसावी महिन्याच्या आरंभीची शिल्लक आणि सव्विसावी अखेरची शिल्लक. जुलैची आरंभीची शिल्लक B9 मधून येते, त्यापुढे प्रत्येक महिन्याची अखेर ही पुढच्या महिन्याची सुरुवात. ही साखळी पूर्ण झाली की पुढील चित्र दिसते (आकडे रुपयांत) :

| महिना | विक्री | प्रत्यक्ष जमा | प्रत्यक्ष देणे | अखेरची शिल्लक |
|---|---|---|---|---|
| जुलै | ४०,००० | १६,००० | ५६,००० | ६०,००० |
| ऑगस्ट | ४८,००० | ४३,२०० | ६१,१०० | ४२,१०० |
| सप्टेंबर | ५६,००० | ५१,२०० | ६६,२०० | २७,१०० |
| ऑक्टोबर | ८८,००० | ६८,८०० | ८६,६०० | ९,३०० |
| नोव्हेंबर | ७२,००० | ८१,६०० | ७६,४०० | १४,५०० |
| डिसेंबर | ७२,००० | ७२,००० | ७६,४०० | १०,१०० |
| जानेवारी | ८८,००० | ७८,४०० | ८६,६०० | १,९०० |
| फेब्रुवारी | १,०४,००० | ९४,४०० | ३,०३,००० | –२,०६,७०० |
| मार्च | १,३६,००० | १,१६,८०० | ७३,००० | –१,६२,९०० |
| एप्रिल | १,७६,००० | १,५२,००० | ८५,५०० | –९६,४०० |
| मे | १,७६,००० | १,७६,००० | ८५,५०० | –५,९०० |
| जून | ८०,००० | १,३७,६०० | ५५,५०० | ७६,२०० |
| एकूण | ११,३६,००० | १०,८८,००० | ११,११,८०० | |

तक्ता काय सांगतो

प्रथम ऑक्टोबर पाहावा. विक्री ५६ हजारांवरून ८८ हजारांवर गेली. गावात सर्वांना उद्योग उत्तम चालल्याचे दिसेल. शिल्लक मात्र २७ हजारांवरून नऊ हजारांवर आली. कारण वाढलेल्या विक्रीचे साहित्य आज घ्यावे लागले आणि तिचे साठ टक्के पैसे नोव्हेंबरात येणार आहेत. वाढती विक्री रोकड खाते, ही गोष्ट नव्या उद्योजकाला प्रथम पटत नाही. येथे ती आकड्यांत उभी आहे.

दुसरी गोष्ट फेब्रुवारीची. सव्विसाव्या ओळीतील सर्वांत खालचा आकडा `=MIN(B26:M26)` या सूत्राने काढता येतो. येथे तो उणे २,०६,७०० रुपये आहे. उणे रोकड कोणाच्याही गल्ल्यात असू शकत नाही. त्याचा अर्थ इतकाच, की एवढे पैसे बाहेरून आणल्याखेरीज ही योजना पार पडणार नाही. खेळत्या भांडवलासाठी बँकेकडे किती मर्यादा मागावी आणि ती केव्हा हवी, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे येथे मिळतात : सुमारे अडीच लाख, फेब्रुवारीपूर्वी मंजूर झालेली आणि जूनमध्ये फिटणारी. अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हाती थोडी शिल्लक असताना गेला पाहिजे. फेब्रुवारीत बाजारात मिरची आली असताना अर्ज लिहावयास बसणाऱ्याच्या हातून हंगाम निघून जातो.

एवढे कर्ज काढून मिरची भरणे परवडते काय, हेही पडताळून पाहता येते. उणे शिल्लक चार महिने राहते. त्यावर ११ टक्क्यांनी व्याज सुमारे ४,३०० रुपये होते. हंगामात न घेता हीच ८४० किलो मिरची २६० च्या दराने घेतली असती, तर ५०,४०० रुपये अधिक पडले असते. साठवणुकीचे भाडे आणि नासाडी यांसाठी काही रक्कम धरली तरी सौदा फायद्याचा ठरतो. अर्थात दरातील ६० रुपयांचा फरक खरा ठरला तर. मिरचीचे भाव एका वर्षासारखे दुसऱ्या वर्षी नसतात. फरक दहा रुपयांवर आला तर लाभ ८,४०० रुपयांचा राहतो आणि व्याज व भाडे जाता हाती फारसे काही उरत नाही. व्याज आणि साठवणुकीचे भाडे यांच्यासाठी प्रत्यक्ष अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळी घालाव्यात. येथे मांडणी सोपी राहावी म्हणून त्या गाळल्या आहेत.

आता नफ्याकडे वळू. २,८४० किलो विकून ११,३६,००० रुपये झाले. त्यासाठी वापरलेली मिरची ३,१८,८०० रुपयांची आणि इतर साहित्य ३,५५,००० रुपयांचे. वर्षाचा ठरलेला खर्च २,१६,००० आणि यंत्रकर्जाचे व्याज सुमारे ३०,६००. यंत्रांचा घसारा धरण्यापूर्वी नफा २,१५,६०० रुपये येतो. पहिल्या वर्षाला हा आकडा चांगलाच म्हणावा लागेल. तरीही आरंभीची एक लाखाची रोकड वर्षाअखेर ७६,२०० वर आली, म्हणजे २३,८०० रुपयांनी घटली. नफा झाला आणि पैसे कमी झाले, हे कसे?

उद्योजिकेने घरखर्चास ७२,००० रुपये उचलले. कर्जाच्या हप्त्यांतून मुद्दलापोटी ४७,४०० रुपये फिटले. मुद्दल फेडणे हा खर्च नव्हे, म्हणून नफ्यातून ते वजा झाले नव्हते, पण पैसे तर गेलेच. जूनच्या विक्रीपैकी ४८,००० रुपये दुकानदारांकडे येणे आहेत. आणि ३६० किलो मिरचीच्या रूपाने ७२,००० रुपये कोठीत पडून आहेत. या चार रकमांची बेरीज २,३९,४०० होते. ती २,१५,६०० मधून वजा केली की बरोबर २३,८०० ची तूट निघते. पैसे कोठे नाहीसे झाले नाहीत, त्यांनी रूप बदलले. ही ताळमेळाची रीत शाळेत हिशेब शिकविणाऱ्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून एकदा करून घेण्यासारखी आहे.

अंदाज चुकला तर

अंदाज तंतोतंत खरा ठरेल अशी अपेक्षा कोणी करू नये. कोणती चूक किती महाग पडेल हे आधी पाहून ठेवणे मात्र शक्य आहे. पानाची एक प्रत करून बाराव्या ओळीतील प्रत्येक आकडा पाचव्या हिश्शाने कमी करावा. १०० चे ८०, १२० चे ९६. साखळी आपोआप हलते आणि शिल्लक डिसेंबरात उणे ८,५२० रुपये होते. म्हणजे विक्री वीस टक्क्यांनी कमी पडली तर मिरचीच्या हंगामापूर्वीच गल्ला रिता होणार.

दुसऱ्या प्रतीत विक्री मूळचीच ठेवावी, पण दुकानदार एकाऐवजी दोन महिन्यांनी पैसे देतात असे धरावे. ऑगस्टच्या पंधराव्या चौकटीत शून्य आणि सप्टेंबरपासून सूत्र दोन रकाने मागे पाहणारे :

```
D15: =B13*(1-$B$3)
```

आता शिल्लक सप्टेंबरातच उणे १,७०० होते आणि ऑक्टोबरात उणे २४,३००. विक्री एका किलोनेही घटलेली नाही. पाचवा हिस्सा विक्री बुडाली तर उद्योग डिसेंबरात अडचणीत येतो आणि वसुली एक महिना लांबली तर सप्टेंबरातच. नवे उद्योजक विक्रीची चिंता रात्रंदिवस करतात. वसुलीच्या मुदतीविषयी दुकानदाराशी स्पष्ट बोलण्यास मात्र संकोचतात, कारण माल ठेवून घेतला हेच उपकार वाटतात. या दोन प्रती शेजारी ठेवून दाखविल्या तर तो संकोच कमी होण्यास हरकत नाही. चार दुकाने कमी घेतली तरी चालतील, पण महिन्यात पैसे देणारी घ्यावीत, असा निर्णय त्यातून निघू शकतो.

अनुदानाबाबतही एक सूचना करणे आवश्यक आहे. प्रकल्प खर्चाच्या अमुक टक्के अनुदान मिळणार म्हणून ती रक्कम पहिल्या-दुसऱ्या महिन्याच्या जमेत लिहिलेली आढळते. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपये, असे कर्जाशी निगडित अनुदान ठेवण्यात आले. परंतु ती रक्कम कर्ज देणाऱ्या बँकेत वेगळी ठेवून, तीन वर्षांनंतर उद्योग चालू आणि कर्जखाते नियमित असल्यास कर्जात समायोजित करावयाची, अशी तरतूद होती. असे अनुदान कर्जाचा भार हलका करते, पण पहिल्या बारा महिन्यांत मजुरी देण्यास ते उपयोगी पडत नाही. म्हणून या तक्त्याच्या जमेत त्याला जागा नाही.

तक्त्यातील चुका ओळखणे

संगणकाने केलेली बेरीज चुकत नाही. चुकते ती बेरजेची हद्द. अमेरिकेतील दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञ, कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ, यांच्या राष्ट्रीय कर्जाविषयीच्या २०१० मधील निबंधात सरासरीचे सूत्र पाच ओळी आधीच थांबले होते आणि पाच देश हिशेबातून सुटले होते. ही चूक २०१३ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी त्यांची स्प्रेडशीट मागवून पाहिली तेव्हा उघडकीस आली. मसाला केंद्रातही हेच घडते. विम्याची नवी ओळ तेविसाव्या ओळीच्या खाली घातली आणि `SUM` ची हद्द जुनीच राहिली, तर विमा तक्त्यात दिसतो, पण देण्यात धरला जात नाही. नवी ओळ नेहमी मधे घालावी, म्हणजे हद्द आपोआप वाढते.

दुसरी चूक अंकाऐवजी मजकूर लिहिण्याची. खर्चाच्या चौकटीत '4000 रुपये' असे टाइप केले की स्प्रेडशीट त्यास शब्द समजते आणि `SUM` ती चौकट न बोलता ओलांडून जाते. आपण काही बदलले नसता अंक चौकटीच्या उजव्या कडेला आणि मजकूर डाव्या कडेला राहतो. तेव्हा डावीकडे सरकलेला आकडा दिसला की संशय घ्यावा. रुपये, किलो ही एकके पहिल्या रकान्यात नावासोबत लिहावीत, आकड्यासोबत कदापि नाही.

एक पडताळणीची चौकट ठेवली तर साखळी कोठे तुटली असल्यास लगेच कळते :

```
=B9+SUM(B16:M16)-SUM(B24:M24)-M26
```

उत्तर शून्य आले पाहिजे. शून्य नसेल तर एखाद्या महिन्याची आरंभीची शिल्लक मागील महिन्याशी जुळलेली नाही, किंवा सूत्रावर कोणी हाताने आकडा टाइप केला आहे. मात्र उत्तर शून्य आल्याने अंदाज खरा ठरत नाही. तक्ता आतून जुळतो, एवढेच त्यातून सिद्ध होते. अर्ज तपासणाऱ्याने तक्ता छापील प्रतीत न मागता संगणकावरील धारिकेच्या रूपात मागावा. विक्रीदराच्या चौकटीत ४०० ऐवजी ३८० लिहून पाहावे. खालचे आकडे हलले नाहीत, तर तो तक्ता स्प्रेडशीटमध्ये टाइप केलेला कागदच आहे असे समजावे.

उद्योग सुरू झाल्यावर मूळ अंदाज पुसू नये. त्याच मांडणीचे दुसरे पान करून त्यावर प्रत्येक महिन्याचे प्रत्यक्ष आकडे भरावेत आणि तिसऱ्या पानावर फरक काढावा. जुलैत १०० किलोंऐवजी ९० किलो गेले तर ती मोठी बाब नाही. परंतु ऑगस्टअखेर जुलैच्या उधारीचे २४,००० यावयास हवे होते आणि आले १५,०००, तर त्या रात्रीच वसुलीची ओळ नव्या गतीने पुढील दहा महिन्यांसाठी बदलून फेब्रुवारीची चौकट पाहावी. तेथील उणे रक्कम बँकेच्या मर्यादेबाहेर जात असेल, तर १,२०० किलोंऐवजी केवळ जूनपर्यंतची ८४० किलो मिरची घेण्याचा पर्याय उरतो. त्यामुळे फेब्रुवारीचे देणे ७२,००० रुपयांनी उतरते आणि हा निर्णय घेण्यास अजून पाच महिन्यांहून अधिक अवधी असतो.